शिरोरेषा, डावा हात आणि ओली शाई: मुख्य परीक्षेसाठी पेन निवडण्याचे एक प्रकरण

केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा मराठी माध्यमातून देणाऱ्या उमेदवारांच्या सराव उत्तरपत्रिका मी पुण्यात काही वर्षांपासून तपासत आहे. पेन कोणते वापरावे हा प्रश्न या काळात मला अनेकांनी विचारला आणि बहुतेक वेळा मी त्याला किरकोळ समजून 'हाताला सवयीचे असेल ते' असे उत्तर दिले. एका डावखुऱ्या उमेदवार मुलीच्या उत्तरपत्रिकांनी मला हे उत्तर बदलायला लावले. तिचे प्रकरण येथे सविस्तर मांडत आहे, कारण शाईचा प्रकार, कागद, हवा, हाताची ठेवण आणि देवनागरी लिपी या पाचही गोष्टी त्यात एकमेकींत गुंतलेल्या होत्या आणि त्यांतली एक जरी वगळली असती तरी निवड चुकली असती.

परीक्षेचे स्वरूप आधी सांगणे आवश्यक आहे. सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन प्रश्नपत्रिकांमध्ये प्रत्येकी 20 प्रश्न असतात. त्यांतले 10 प्रश्न 150 शब्दांचे आणि 10 प्रश्न 250 शब्दांचे. म्हणजे तीन तासांत जवळपास 4000 शब्द. लहान प्रश्नाला 7 मिनिटे आणि मोठ्याला 11 मिनिटे असा हिशेब उमेदवार धरतात, आणि या मिनिटांतच प्रश्न वाचणे, मुद्दे आठवणे आणि आकृती काढणे बसवावे लागते. सामान्य अध्ययनाच्या दोन प्रश्नपत्रिका एकाच दिवशी असतात, त्यामुळे सकाळी तीन तास आणि दुपारी तीन तास हात चालतो. शिवाय ही परीक्षा भर पावसाळ्यात किंवा त्याच्या उतारावर येते. 2025 ची मुख्य परीक्षा 22 ऑगस्टला सुरू झाली. या मुलीचे केंद्र मुंबई होते. ऑगस्टमधली मुंबईची हवा शाईच्या वाळण्यावर काय परिणाम करते, हे तिच्या प्रकरणात पुढे फार महत्त्वाचे ठरले.

तिच्या पहिल्या दोन सराव उत्तरपत्रिका माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांत तीन दोष एकत्र दिसत होते. पानाच्या डाव्या भागापेक्षा मधल्या आणि उजव्या भागात अक्षरांवर करडी झाक पसरलेली होती. पानाच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात अक्षरे मधूनच तुटलेली होती, जणू पेनातली शाई संपत आली असावी. आणि शेवटचे तीन प्रश्न सोडवलेलेच नव्हते. तिचे स्वतःचे निदान असे होते की तिचा वेग कमी आहे आणि तो वाढवायला हवा. उत्तरे मात्र मुद्देसूद होती आणि पहिल्या तासातले अक्षर सुबक होते. त्यामुळे वेग मुळात कमी आहे, हे मला पटेना. मी तिला माझ्यासमोर बसून एक उत्तर लिहायला सांगितले.

ती 0.5 मिलिमीटर गोळीचे काळे जेल पेन वापरत होती. पेनावर लिहिलेला आकडा आतल्या गोळीचा व्यास असतो, रेषेची जाडी नव्हे. रेषा साधारण त्याच्या निम्म्याहून थोडी जाड उमटते. हात ओळीच्या रेषेतच, पेनाच्या डाव्या बाजूला टेकलेला होता. लिहिताना तिचा वेग दर शब्दाला अडखळत होता. का, ते थोड्या वेळाने लक्षात आले. ती शब्द लिहून झाल्यावर हात हवेत उचलत होती, क्षणभर थांबत होती आणि मग शिरोरेषा ओढत होती. शाई फासली जाऊ नये म्हणून तिच्या हाताने ही सवय आपोआप लावून घेतली होती आणि तिला स्वतःला तिची जाणीवही नव्हती. दर शब्दाला अर्धा सेकंद जरी धरला तरी 4000 शब्दांना 2000 सेकंद होतात, म्हणजे अर्ध्या तासाहून अधिक. न सोडवलेले तीन प्रश्न याच अर्ध्या तासात गेले होते.

रोमन लिपी लिहिणाऱ्या डावखुऱ्या माणसाचा हात नुकत्याच लिहिलेल्या अक्षरांवरून एकदा पुढे सरकतो. देवनागरीत तसे होत नाही. शब्द पूर्ण झाल्यावर हात शब्दाच्या सुरुवातीपर्यंत मागे येतो, शिरोरेषा ओढत पुन्हा पुढे जातो, आणि त्यानंतर वेलांट्या, मात्रा किंवा अनुस्वार राहिले असतील तर आणखी एकदा मागे येतो. म्हणजे डावखुऱ्या लेखकाच्या तळहाताची कड आधीच्या शब्दावरून तीन-चार वेळा घासली जाते. उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा तळहात कोऱ्या कागदावर असतो, त्यामुळे त्याला हा त्रास कळतही नाही; पण त्याच्याही पेनाचे टोक शिरोरेषा ओढताना प्रत्येक उभ्या दांड्याच्या ओल्या माथ्यावरून जाते, आणि शाई फार वाहती असेल तर त्या सांध्यावर थेंब साचतो. शिरोरेषा सोडून देण्याचा मार्ग काही उमेदवार स्वीकारतात. मी तो सुचवत नाही, कारण घाईच्या अक्षरात 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांतला फरक बराचसा शिरोरेषेच्या तुटण्यावर अवलंबून असतो आणि दिवसभर पत्रिका तपासणाऱ्या माणसाला तिथे थांबावे लागते.

शाई किती सेकंदांत वाळली पाहिजे, हे आम्ही साध्या मोजणीने ठरवले. विचार करण्याचा वेळ बाजूला राहावा म्हणून तिला तिचेच एक जुने 250 शब्दांचे उत्तर समोर ठेवून उतरवून काढायला सांगितले. न थांबता लिहिले तर तिला साधारण 8 मिनिटे लागत, म्हणजे मिनिटाला 30 शब्द, एका शब्दाला 2 सेकंद. समासाच्या आतली ओळ सुमारे 16 सेंटिमीटर होती आणि तिच्या अक्षराचे आठ शब्द त्यात बसत, म्हणजे एक शब्द 2 सेंटिमीटर. याचा अर्थ तिचा हात सेकंदाला सरासरी 1 सेंटिमीटर पुढे सरकत होता. तळहाताची कड पेनाच्या टोकापासून सुमारे 3 सेंटिमीटर मागे होती. तेव्हा ओली शाई आणि तिचा हात यांच्यात फार तर 3 सेकंदांचे अंतर होते, आणि शिरोरेषेसाठी हात मागे येताना ते आणखी कमी होत होते. जी शाई 3 सेकंदांत हाताला लागेनाशी होणार नाही, ती तिच्यासाठी निरुपयोगी होती. मग ती कितीही गडद आणि सुंदर असो.

चाचणी आम्ही जुलैतल्या पावसाळी दुपारी, खिडक्या उघड्या ठेवून घेतली. वातानुकूलित खोलीत तीच शाई लवकर वाळते आणि तो निकाल परीक्षेच्या वर्गात उपयोगाचा नसतो. कागदही महत्त्वाचा होता. वहीचा गुळगुळीत कागद, कार्यालयातला छपाईचा कागद आणि उत्तरपत्रिकेचा कागद शाई वेगवेगळ्या गतीने शोषतात, म्हणून आम्ही तिच्या सराव मालिकेतल्या कोऱ्या उत्तरपत्रिकेचीच पाने वापरली. प्रत्येक पेनाने एक लांब रेघ ओढायची आणि 1, 3, 5 व 10 सेकंदांनी कोरड्या बोटाने आडवी पुसायची, एवढीच कृती. पाच रेघांची सरासरी काढण्यापेक्षा सर्वांत वाईट रेघ पाहावी, असे माझे मत आहे. पानावर डाग पडायला एकच पुरेसा असतो.

तिच्या जेल पेनाची रेघ 3 सेकंदांनी स्पष्ट फासली गेली, 5 सेकंदांनी पुसट झाक आली आणि 10 सेकंदांनी ती स्वच्छ राहिली. याचे कारण शाईच्या घडणीत आहे. जेल शाई पाण्यावर आधारलेली असते आणि तिच्यात झँथन गमसारखा दाट करणारा पदार्थ मिसळलेला असतो. स्थिर असताना ती घट्ट राहते, गोळी फिरू लागली की पातळ होते आणि कागदावर उतरताच पुन्हा घट्ट होते. या गुणामुळे हात हलका ठेवूनही गडद, एकसारखी रेघ मिळते, आणि याच गुणामुळे शाईचा थर कागदात झटकन मुरत नाही, पृष्ठभागावर उंच राहतो. काळ्या जेलमध्ये बहुधा रंगद्रव्याचे बारीक कण असतात. तेही तंतूंत खोल न जाता वरच बसतात. पाणी उडून जाईपर्यंत आणि काही प्रमाणात शोषले जाईपर्यंत तो थर हाताला लागतो. दमट हवेत पाणी सावकाश उडते, कागदानेही आधीच ओलावा धरलेला असतो, त्यामुळे मार्चमध्ये बारावीच्या परीक्षेला उत्तम चाललेले तेच पेन तिला ऑगस्टच्या परीक्षेसाठी दगा देत होते.

खालच्या ओळींतली तुटक अक्षरेही याच पेनाची होती, पण शाई संपल्यामुळे नव्हे. तिचा तळहात वरच्या ओळी लिहिताना पानाच्या खालच्या भागावर टेकत असे आणि घाम व त्वचेचे तेल तिथे उतरत असे. तेलकट झालेला कागद पाण्यावर आधारलेली शाई धरत नाही. गोळी फिरते, पण रेघ उमटत नाही. हे ओळखण्याची खूण सोपी आहे. तेच पेन नव्या पानाच्या वरच्या ओळीवर लगेच नीट चालले, तर दोष पेनाचा नसून हाताखालच्या कागदाचा असतो. जेल पेन टोकावर आपटून बंद पडते तेव्हा मात्र नवे पानही मदत करत नाही, कारण गोळीमागे हवा शिरलेली असते.

शाईपेनाचा पर्याय तिच्या वडिलांनी सुचवला होता. ते निवृत्त शिक्षक आणि आयुष्यभर शाईपेनाने लिहिलेले. त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. शाईपेनाला दाब लागत नाही. निबेच्या चिरेतून शाई केशाकर्षणाने कागदावर येते, पेन 45 ते 55 अंशांवर निवांत धरता येते आणि तीन तासांनी अंगठ्याचा सांधा दुखत नाही. आणखी एक गुण मराठी लिहिणाऱ्याच्या विशेष कामाचा आहे: निब नुसती टेकली तरी ठिपका उमटतो, त्यामुळे अनुस्वार कधी गळत नाही. पण वाळण्याच्या चाचणीत मध्यम निबेची रेघ 10 सेकंदांनीही फासली गेली आणि शिरोरेषेच्या सांध्यांवरची शाई त्याहून उशिरा वाळली. उत्तरपत्रिकेच्या त्या कागदावर शाई तंतूंतून फुटत होती, 'क्ष' आणि 'भ' यांच्या आतल्या पोकळ्या भरून जात होत्या आणि मागच्या बाजूला अक्षरांची सावली उमटत होती. दोन्ही बाजूंनी लिहायच्या उत्तरपत्रिकेत ही सावली वाचनात अडथळा आणते. जिथे पत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासतात तिथे तर अधिकच. मुंबई विद्यापीठाने 2017 मध्ये अशी तपासणी सुरू केली, तेव्हा हा विचार आता सर्वच परीक्षार्थींना करावा लागतो.

डावखुऱ्या हातासाठी शाईपेनाची आणखी एक अडचण आहे. उजवा हात निब ओढत नेतो, डावा हात आडव्या रेषेत ती पुढे ढकलतो. ढकललेली निब कागदाच्या तंतूंत रुतते आणि शिरोरेषा ही तर मराठीतली सर्वांत जास्त वेळा ओढली जाणारी आडवी रेषा आहे. बारीक निब घेतली तर शाई कमी उतरते आणि लवकर वाळते, पण रुतणे वाढते. वडिलांचे जुने पेन, ज्याच्या नळीत ड्रॉपरने थेट शाई भरायची, तेही तिने आणले होते. अशा पेनात शाई कमी उरली की हाताच्या उबेने आतली हवा प्रसरण पावते आणि शाईचा थेंब निबेखाली ढकलते. सहा तासांच्या लेखनात हे एकदाही होणार नाही, असा भरवसा कोणी देऊ शकत नाही.

साधे, स्वस्त बॉलपेन वाळण्याच्या चाचणीत सहज उतरले. 1 सेकंदाने किंचित झाक, 3 सेकंदांनी काहीच नाही. बॉलपेनची शाई तेलकट द्रवातला रंग असतो आणि पाण्यापेक्षा हजारो पटींनी घट्ट असतो. ती 'वाळते' असे आपण म्हणतो, पण तिच्यातला द्रव सहजी उडणारा नसतो. गोळी इतका पातळ थर कागदावर चोळून बसवते की तो क्षणात तंतूंत मुरतो. हवा दमट असली तरी त्यामुळे फारसा फरक पडत नाही. तोटा मात्र लेखनाच्या चाचणीत दिसला. घट्ट शाई गोळीवर आणण्यासाठी दाब द्यावा लागतो. तेच 250 शब्दांचे उत्तर तिने सलग चार वेळा लिहिले तेव्हा पहिल्या वेळी 8 मिनिटांना थोडेच जास्त लागले, चौथ्या वेळी जवळपास 10 मिनिटे लागली, आणि पान उलटून मागून हात फिरवला तर अक्षरांचे उंचवटे बोटांना लागत होते. सराव उत्तरपत्रिकेत हे उंचवटे तपासणे ही मला आता सवय झाली आहे, कारण हात केव्हा थकू लागला ते त्यांवरून कळते: दुखायला लागलेला हात पेन अधिक घट्ट पकडतो आणि दाब आणखी वाढतो.

उरला चौथा प्रकार, जो दुकानात बॉलपेन म्हणूनच मिळतो, पण ज्याची तेलकट शाई मुद्दाम कमी घट्ट ठेवलेली असते. मित्सुबिशी पेन्सिल कंपनीच्या जेटस्ट्रीम पेनामुळे हा प्रकार जगभर माहीत झाला. आपल्याकडे सेलो बटरफ्लो किंवा लिंक पेंटॉनिक अशी या जातीची पेने कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातही मिळतात. 0.7 मिलिमीटर गोळीच्या अशा पेनाची रेघ आमच्या चाचणीत 3 सेकंदांनी हाताला लागली नाही. दाब जेलइतका कमी नव्हता, पण साध्या बॉलपेनपेक्षा स्पष्टपणे कमी होता, आणि उत्तर चार वेळा उतरवताना पहिल्या व चौथ्या वेळेत पंधरा-वीस सेकंदांपेक्षा जास्त फरक पडला नाही. मागच्या पानावर सावली नव्हती. मी तिला हेच पेन घ्यायला सांगितले, पण एवढ्यावर प्रकरण संपले नाही. या शाईचे तीन दोष पुढच्या दोन आठवड्यांत समोर आले.

पहिला दोष म्हणजे टोकावर साचणारी शाई. पातळ तेलकट शाई गोळीच्या कडेने जास्त उतरते, खोबणीच्या काठावर थोडी थोडी जमते आणि दहा-बारा ओळींनी एखाद्या वळणावर गुठळीसारखी कागदावर पडते. ही गुठळी 3 सेकंदांत मुरत नाही. काही मिनिटांनीही हात लागला तर लांब फराटा उमटतो. डावखुऱ्या हाताने पेन ढकलले जात असल्याने तिच्याकडे हे जास्त होत होते. आम्ही उपाय साधा ठेवला. प्रत्येक उत्तर संपले की पुढचा प्रश्न वाचता वाचता पेनाचे टोक सुती रुमालाच्या घडीवर एकदा फिरवायचे. तोच रुमाल हाताखाली ठेवला तर घाम कागदावर उतरत नाही. टीपकागद किंवा कोऱ्या कागदाचा तुकडा हाताखाली ठेवणे घरी ठीक आहे, परीक्षेच्या वर्गात सुटा कागद जवळ बाळगू नये.

दुसरा दोष अनुस्वाराचा, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटला. बॉलपेनची गोळी फिरली तरच शाई उतरते. घाईत पेन नुसते टेकवून उचलले तर गोळी फिरत नाही आणि कागदावर शाईऐवजी फक्त खळगा राहतो. तिच्या नव्या पेनाने लिहिलेल्या पहिल्या पूर्ण उत्तरपत्रिकेत मी एका पानावर अकरा अनुस्वार गळलेले मोजले. मराठीत ही केवळ शुद्धलेखनाची चूक राहत नाही. 'त्यांचे' चे 'त्याचे' झाले की अनेकांचे एकाचे होते. राज्यांचे अधिकार आणि राज्याचे अधिकार हा तर संघराज्यावरच्या उत्तराचा गाभा असतो. जेल पेनालाही गोळी असते, पण तिची ओली शाई स्पर्शानेच थोडी उमटते, म्हणून तिला हा प्रश्न पूर्वी आला नव्हता. तिने अनुस्वार टेकवण्याऐवजी तिरप्या, अर्ध्या मिलिमीटरच्या छोट्या रेघेने द्यायला सुरुवात केली. सवय लागायला दहा दिवस गेले. त्या दहा दिवसांत तिचा वेग थोडा कमी झाला आणि तो तसा होऊ द्यावा लागला.

तिसरा दोष कोनाचा होता. गोळीचे पेन उभे धरावे लागते, साधारण 60 अंशांहून अधिक. फार आडवे धरले तर गोळीऐवजी खोबणीचा धातूचा काठ कागदावर घासतो, रेघ खरखरीत होते आणि मधूनच तुटते. डावखुऱ्या माणसाचा हात ओळीच्या रेषेत असतो तेव्हा पेन आडवे पडण्याकडेच त्याचा कल असतो. यासाठी तिने कागदाची ठेवण बदलली: पानाचा वरचा भाग उजवीकडे सुमारे 30 अंश कलवला आणि हात ओळीच्या रेषेतून खाली आणला. त्यामुळे पेन उभे राहू लागले, ढकलणे कमी होऊन काही अंशी ओढणे सुरू झाले आणि तळहात ओल्या ओळीच्या खाली गेला. हा बदल तिने आधी केला असता तर जेल पेनही चालले असते का, असे तिने मला विचारले. बऱ्याच अंशी चालले असते, असे माझे प्रामाणिक उत्तर आहे. पण परीक्षा वर्गातला बाक अरुंद असला किंवा उत्तरपत्रिका कलवायला जागा नसली तर हात जुन्या जागी परत जातो, आणि त्या वेळी शाई 3 सेकंदांची परीक्षा पास होणारी असावी लागते.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातल्या सराव परीक्षेत तिने वीसही प्रश्न लिहिले. वीस प्रश्नांचे श्रेय मी एकट्या शाईला देणार नाही, कारण त्या काळात तिचा लेखनाचा सरावही वाढला होता. मात्र शब्दानंतरचा तो क्षणभराचा थांबा पूर्ण गेला होता, आणि हे मी शेजारी बसून घड्याळ लावून पाहिले.

परीक्षेसाठी तिने एकाच जातीची चार पेने नेली. त्यांतले एकही कोरे नव्हते. प्रत्येक पेनाने तिने आधी पाच-सहा पाने लिहून घेतली होती. कोरी रिफिल सुरुवातीला कधी अडते, कधी जास्त झरते, आणि एखादी सदोषच निघते. ते घरी कळलेले बरे. तिसऱ्या तासात हात जड वाटला तर जाड पकडीचे पेन घ्यावे असे तिच्या मैत्रिणींनी सुचवले होते. ते तिने मानले नाही, कारण एका उत्तरपत्रिकेत रेघेची जाडी आणि काळेपणा मध्येच बदलला तर तपासणाऱ्याला ते खटकते. रंगाबाबत एवढेच सांगतो की प्रवेशपत्रावरची आणि उत्तरपत्रिकेवरची सूचना शब्दशः वाचावी. पूर्वपरीक्षेच्या ओएमआर पत्रिकेला काळे बॉलपेनच लागते. तिथे जेल किंवा शाईपेन नेण्याचा प्रश्नच नाही.

नोंदी काढण्यासाठी मात्र तिने हे पेन वापरले नाही, आणि ते मला योग्य वाटते. नोंदी घरी काढल्या जातात, पान उलटायची घाई नसते, कागद आपल्या निवडीचा असतो आणि हाताखाली टीपकागद ठेवता येतो. तिथे वडिलांचे शाईपेन बारीक निब बसवून तिने पुन्हा वापरात आणले. एकच अडचण आली: पिवळ्या हायलाइटरची शाई पाण्याची असते, त्यामुळे तिच्या निळ्या शाईतल्या ओळी हायलाइटर फिरवताच विरघळून हिरवट झाल्या आणि हायलाइटरचे टोकही मळले. जेलच्या नोंदींवर तो पाच-दहा मिनिटांनी फिरवला तर बहुतेक काळ्या शाया टिकतात, रंगीत जेलचा भरवसा नाही. बॉलपेनच्या नोंदी लगेच फिरवला तरी जवळपास तशाच राहतात. व्याख्यान ऐकत वेगाने टिपणे घ्यायची असली आणि त्यांवर लगेच खुणा करायच्या असल्या, तर म्हणून ती बॉलपेन घेते. वाचून, सावकाश काढायच्या नोंदी शाईपेनाने लिहिते आणि महत्त्वाच्या ओळींच्या समासात शिसपेन्सिलीने उभी रेघ मारते.

हेच निकष उजव्या हाताच्या उमेदवाराला जसेच्या तसे लावू नयेत. त्याचा तळहात ओल्या ओळीवर येत नाही, त्याला 3 सेकंदांची अट नसते. हात हलका असेल आणि घाम फार येत नसेल तर 0.5 चे जेल पेन त्याच्यासाठी साध्या बॉलपेनपेक्षा चांगले ठरू शकते. त्याने पाहायचे ते वेगळे: पान उलटताना ओल्या पानाची समोरच्या पानावर छाप उमटते का, आणि शेवटची ओळ लिहून लगेच पान मिटले तर शाई पलीकडे लागते का. मी माझ्याकडच्या उमेदवारांना आता पेन विचारण्याआधी एक भरलेले पान मागतो, ते उलटून मागचा स्पर्श पाहतो, आणि खालच्या पाच ओळींतले अनुस्वार मोजतो.